शब्दचर्चा: फायरडॅम्प, ब्लॅकडॅम्प – यातला ‘डॅम्प’ ओला की कोरडा?

प्राजक्ता_म
1820 च्या सुमाराच्या एका इंग्रज कोळसा खाणीतल्या रोजनिशीचा अनुवाद करते आहे. मुकादम पहाटे एकटा खाणीत उतरतो. सुरक्षा दिवा हळूहळू छताकडे नेतो, तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. मग जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्याच्या तोंडाशी तो दिवा जमिनीलगत धरतो, आणि तिथे ज्योत मलूल होऊन विझते. पहिल्या ठिकाणी लेखक म्हणतो फायरडॅम्प, दुसऱ्या ठिकाणी ब्लॅकडॅम्प. पहिल्या खर्ड्यात मी ‘ज्वलनशील ओल’ आणि ‘काळी ओल’ लिहिलं होतं. वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, ओल पेटते कशी? संपादक म्हणतात, सरळ ‘मिथेन’ आणि ‘कार्बन डायऑक्साइड’ लिही. मला दोन्ही पटत नाही. काय करावं?

अनुस्वार
ओल नक्कीच नाही. जर्मन ‘डाम्फ’ म्हणजे वाफ, आणि इंग्रजीतल्या ‘डॅम्प’चा जुना अर्थही वाफ, बाष्प असाच होता. ओलसरपणाचा अर्थ नंतर चिकटला. खाणकामगारांनी जुना अर्थ धरून ठेवला. मला तर आपलं ‘दमट’ही याच घरातलं वाटतं. दम, दमा, दमट, डाम्फ, सगळीकडे कोंडलेली हवा आहेच.

शुद्धमती
ध्वनी जुळले म्हणून नातं जुळत नाही. श्वास या अर्थाचा ‘दम’ फारसीतून आला आहे. ‘दमट’ची व्युत्पत्ती पुराव्याशिवाय जर्मनपर्यंत नेऊ नका. मूळ प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: ‘ज्वालाग्राही वायू’ आणि ‘श्वासरोधक वायू’. संस्कृत घडणीचे शब्द हाताशी असताना इंग्रजी कशाला?

जुना_ओव्हरमन
भूमिगत खाणीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. संपादकांचा ‘मिथेन’ एक वेळ चालेल, ‘कार्बन डायऑक्साइड’ मात्र चुकीचा आहे. ब्लॅकडॅम्प हा एक वायू नाही. कोळसा आणि लाकडाचे टेकू हवेतला ऑक्सिजन खात राहतात. मागे उरतो तो मुख्यतः नायट्रोजन आणि त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड. ही हवा मारते ती मुख्यतः ऑक्सिजन नसल्यामुळे. तुमच्या मुकादमाचा दिवा त्यामुळेच विझला. ऑक्सिजन 16-17 टक्क्यांवर आला की तेलाची ज्योत टिकत नाही. माणूस त्यानंतरही थोडा वेळ उभा राहू शकतो, आणि मागे फिरायला मिळणारा वेळ तेवढाच.

आम्ही शब्द वापरायचो ते असे: ‘गॅस लागलाय’ म्हणजे छताशी मिथेन. ‘हवा मेलीय’ म्हणजे दिवा विझतो ती जागा.

कोरडवाहू
जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात तोच हा प्रकार ना? आमच्याकडे गाळ काढायला उतरलेला माणूस पायरीवरच कोसळला होता. त्याला वर काढायला दुसरा उतरला, तोही गेला. त्या दिवशी कंदील कुणीच सोडला नव्हता. म्हणजे मुकादमाने छताशी दिवा नेणं वाया गेलं म्हणायचं, विषारी वायू तर जड असतो, खालीच बसतो.

जुना_ओव्हरमन
फार वाईट झालं. दुसरा माणूस जातो तो असाच, खाणीतही. पण विहिरीतली जड हवा आणि मिथेन यांची गल्लत करू नका. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो छताच्या खोबणीत जाऊन बसतो. म्हणून मुकादमाने आधी वर पाहिलं. वात बारीक करून दिवा हळू वर नेला की सव्वा टक्क्याला टोपी जेमतेम दिसते. तीन टक्क्यांच्या सुमारास निळा त्रिकोण स्पष्ट होतो. पाचला मिश्रण स्फोटक होतं. आणि जिथे मिथेन असेल अशी जराही शंका आहे, तिथे उघडा कंदील कधीच सोडू नका. 1812 साली फेलिंगच्या खाणीतल्या स्फोटात 92 माणसं गेली, त्यानंतर तीन वर्षांनी डेव्हीने ज्योतीभोवती बारीक जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, ज्वाला बाहेर पडत नाही.

मिताक्षर
मग गॅस जितका जास्त तितका धोका मोठा, असं सरळ सूत्र आहे.

जुना_ओव्हरमन
अर्धं बरोबर. साधारण 15 टक्क्यांच्या वर तो पेटत नाही, कारण जळायला हवा पुरत नाही. पण ती जागा सुरक्षित समजू नका. तिथे ताजी हवा सोडली की 30 टक्के उतरत उतरत 15 ते 5 च्या पट्ट्यातूनच जाणार. गॅस भरलेला बोगदा मोकळा करताना हवा थोडी थोडी सोडतात, आणि बाहेर येणारा गॅस आधीच्या वाहत्या हवेत पातळ होतोय का, हे पाहत राहतात. पुढची वीज बंद आणि माणसं बाहेर काढलेली असतात ती याचसाठी.

हवेचा हिशेब असा. एका कामाच्या जागी कोळशातून मिनिटाला 3 घनमीटर मिथेन सुटतोय आणि परतीच्या हवेत तो पाऊण टक्क्यावर राहायला हवा. मग मिनिटाला 400 घनमीटर हवा लागेल. कुणी हवा वळवणारा पडदा नीट लावला नाही आणि 200 च आली, तर दीड टक्का. 60 आली तर पाच. गॅस वाढलेला नाही, फक्त हवा घटली. हासुद्धा सगळं नीट मिसळलं तरचा हिशेब. हवेचा वेग कमी असेल तर सरासरी एक टक्का असतानाही छतालगत सहा टक्क्यांचा थर पसरलेला असतो, आणि छातीच्या उंचीवर धरलेला दिवा काहीच सांगत नाही.

प्राजक्ता_म
हे सगळं लागलीच कामाला आलं. रोजनिशीत पुढे ‘व्हेंटिलेशन’ येतं. मी ‘वायुवीजन’ लिहिलं आहे.

अनुस्वार
तिथे ते खटकतं. वीजन म्हणजे पंखा, विंझणा. त्या काळच्या खाणीत पंखा कुठे होता? खाणीत उतरणाऱ्या दोन उभ्या विहिरींपैकी एकीच्या तळाशी मोठी भट्टी पेटवत. तिथली गरम हवा वर चढे आणि दुसऱ्या विहिरीतून थंड हवा आत ओढली जाई. वारा घालणारं कुणी नव्हतंच.

शुद्धमती
शब्द रूढ झाल्यावर त्याचं मूळ उकरून अडवणूक करू नये. ‘तेल’ शब्द तिळापासून आला तरी शेंगदाण्याचं तेल आपण म्हणतोच. वायुवीजन ठेवा. नाहीतर ‘संवातन’ घ्या.

जुना_ओव्हरमन
‘संवातन’ मी फक्त फायलीत पाहिला. आम्ही ‘हवा’च म्हणायचो. ‘आज हवा कमी आहे’, एवढं ऐकलं की सगळ्यांना कळून चुकायचं. भट्टीचं सांगितलंत ते खरं, पण तिच्यातच घात होता. गॅसने भरलेली परतीची हवा त्या भट्टीवरूनच जायची, म्हणून पुढे ती वेगळ्या वाटेने भट्टीच्या वर विहिरीत सोडू लागले.

कोरडवाहू
विहिरीचा दिवस अजून डोक्यातून जात नाही. आदल्या दिवशी तोच माणूस त्याच विहिरीत उतरून सुखरूप वर आला होता. एका रात्रीत हवा कशी मेली?

जुना_ओव्हरमन
तुमच्या विहिरीचं मी खात्रीने सांगू शकत नाही. खाणीत मात्र हे नेहमीचं आहे. वादळाआधी बाहेरच्या हवेचा दाब उतरला की जुन्या पोकळ्यांत कोंडलेली हवा बाहेर सरकते. काल जिथे दिवा जळत होता तिथे आज विझतो. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी रोज नव्याने दिवा धरायचा तो म्हणूनच.

प्राजक्ता_म
मग मुकादमाच्या तोंडी ‘छताला पेटवाफ आहे’ आणि ‘तिथली हवा मेलीय’ असं लिहिलं तर? मिथेन हे नाव तेव्हा नव्हतंच, त्यामुळे ते त्याच्या तोंडी घालवत नाही.

शुद्धमती
‘पेटवाफ’ कुठल्याही कोशात सापडणार नाही.

अनुस्वार
‘मेलेली हवा’ फार छान. पण पुढे स्फोटानंतरचा आफ्टरडॅम्प आला तर काय करणार? त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ती हवा मेलेली नाही, मारणारी आहे.

जुना_ओव्हरमन
आणि त्यात दिवा विझतोच असं नाही. ज्योत नीट जळत असते आणि माणूस खाली बसतो. हॅल्डेनने 1896 मध्ये वेल्सच्या खाणीतले मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेक जण स्फोटाने नाही, या वायूने गेल्याचं दिसलं. याला आमच्याकडे वेगळा शब्द नव्हता.

प्राजक्ता_म
तो शब्द बाराव्या प्रकरणात आहे. अजून तिथवर पोचले नाही.