मेणवलीच्या घाटावरची लाल बादली: कापू, पुसू की नवं भरू?

वाईचा_शटर: मेणवलीला प्री-वेडिंग केलं. जोडी पायऱ्यांवर बसलीय, पण उजव्या कडेला खाली कुणाची तरी धुण्याची लाल बादली आलीय, अर्धी फ्रेमच्या बाहेर. फाइल ६००० × ४०००. बादली आत ३५० पिक्सेल, तिथून नवरीचा पदर आणखी २५० वर. गिऱ्हाईकाला १२ × १८ ची फ्रेम हवीय. क्रॉप, क्लोन की जनरेटिव्ह फिल?

पिक्सेलराव: कापून मोकळा हो की. १२ × १८ ला ३०० डीपीआयने ५४०० × ३६०० लागतात. उजवीकडून ४०० कापलेस आणि त्याच प्रमाणात उंची घटवलीस तरी ५६०० × ३७३३ उरतात. एवढ्यासाठी क्लोन घेऊन रात्र जागवणं म्हणजे हौस आहे.

कृष्णाकाठ: पिक्सेलचा हिशोब बरोबर, पण अडचण पिक्सेलची नाहीच. आत्ता पदर आणि कड यांच्यात प्रिंटवर पावणेदोन इंच मोकळं आहे. ४०० कापले की अर्ध्या इंचाहून जरासं जास्त उरतं. त्यातला पाव इंच फ्रेमवाल्याची पट्टी खाणार. नवरी चौकटीला टेकून बसल्यासारखी दिसेल. मी क्लोन करेन.

सांगलीकर_८५: क्लोन कशाला, हीलिंग ब्रश फिरवा. दोन मिनिटांत बादली गायब.

कृष्णाकाठ: भावा, बादली मधोमध असती तर चाललं असतं. हीलिंग आजूबाजूचा रंग ओढून मिसळतं. इथं एका बाजूला फोटोच संपलाय आणि दुसऱ्या बाजूला लाल कडा. थोडी लाल किनार राहिली तरी दगडावर गुलाबी ढग उठतो. आधी क्लोन स्टॅम्पने कडेची पट्टी बादलीसकट पूर्ण झाकायची. मग उरलेल्या डागांवर हीलिंग, तेही लाल काही शिल्लक नसताना.

घाट चंद्रकोरीसारखा वळतो, म्हणून डावीकडची पायरी उचलून सरळ उजवीकडे ठेवली की रेघ तुटते. त्याच पायरीचा नमुना घे, क्लोन सोर्स दोन-चार अंशांनी फिरव आणि पायरीची धार धारेला जुळव. एकच दगड दोनदा दिसला की पकडलं जातं. पायरीवरच्या शेवाळाचा ठिपका तर हमखास चोर पकडून देतो.

बारामोटेची_लेक: मला वाटतं बादली राहू द्या. घाटावर बायका धुणं धुतात, ते खोटं आहे का?

वाईचा_शटर: ताई, मला पटतंय, नवरीच्या आईला पटत नाही.

फिल_मास्टर: अहो, एवढी कारागिरी कशाला? निवड करा, प्रॉम्प्ट रिकामा ठेवा, फिल दाबा. मी कासच्या फोटोतून आख्खी बस काढली.

कृष्णाकाठ: कासला बसमागे फुलं होती, कुठलंही फूल चाललं. इथं बांधकाम आहे. फिलने माझ्या एका फोटोत दोन पायऱ्यांच्या तीन केल्या होत्या आणि वाईच्या माणसाने लगेच विचारलं, हा घाट कुठला? शिवाय मोठी निवड केली की भरलेला तुकडा मऊ पडतो, कॅमेऱ्याचा दाणा त्यात नसतो. ही बादली लहान आहे, मऊपणा खपेल. पण निवडीत सावली आणि ओल्या पायरीवरची लाल झाक दोन्ही घ्यायची. झाक राहिली तर फिलला वाटतं की इथं काहीतरी लाल असायलाच हवं, आणि ते तुला दुसरी बादली बसवून देतं. हसू नका, झालंय.

जुना_बातमीदार: फोटो कशासाठी हा प्रश्न आधी विचारा. एकदा मी स्पर्धेला फोटो दिला, वर कोपऱ्यात विजेची तार होती ती पुसली. मूळ फाइल मागितली गेली आणि मी बाद. कड नुसती कापली असती तर हरकत नव्हती. वर्ल्ड प्रेस फोटोच्या नियमांतही अनावश्यक तपशील क्रॉपने घालवायला मुभा आहे, पुसायला नाही.

पिक्सेलराव: लग्नाच्या फोटोत कोण मूळ फाइल मागतोय काका?

वाईचा_शटर: केलं. उजवीकडून फक्त १५० कापले, आता बादली २०० च उरली आणि पदराशेजारी बऱ्यापैकी जागाही राहिली. उरलेलं क्लोन केलं. १०० टक्के झूमला ठीक वाटलं. मग वर कर्व्ह्जची लेयर टाकून कॉन्ट्रास्ट ताणला, तर पायरीच्या कडेला अंगठ्याएवढा काळपट पट्टा निघाला.

कृष्णाकाठ: तो उजेडाचा फरक. नमुना सावलीतल्या भागातून घेतलास. कडेजवळचाच उजळ दगड घे, थोडा उजळव. आणि ती लेयर काढल्याशिवाय प्रिंटला पाठवू नकोस!

पिक्सेलराव: १५० कापलेस म्हणजे माझंही ऐकलंस.

कृष्णाकाठ: अर्धंच.