मदत हवी आहे: पहिल्याच उत्तरातली उद्गारचिन्हं आणि इमोजी ग्राहकांना खोटी का वाटतात?

तळणीचा_झारा

घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते, सगळा व्यवहार व्हॉट्सॲप बिझनेसवर. कोणी पहिल्यांदा मेसेज केला की आपोआप हे जातं:

«नमस्कार!!! 🙏🙏🙏 आपलं सहर्ष स्वागत!!! 🎉🎊😍 आपल्या मेसेजने खूप आनंद झाला!!! लवकरच संपर्क करू!!! ❤️🪔✨»

हाताने लिहिते ती उत्तरंही साधारण याच थाटाची. एका बाईंनी विचारलं, "पलीकडे माणूस आहे ना?" दुसऱ्या एकींनी चकल्यांची तक्रार केली, त्या माझ्या उत्तरावर जास्तच चिडल्या. मनापासून लिहिलेलं खोटं का वाटतं? आणि हे सगळं काढून टाकलं तर बँकेच्या नोटिशीसारखं कोरडं नाही का होणार?

ठाशीव

तक्रारवाल्या बाई जुन्या ग्राहक होत्या का? आणि त्यांच्या आधीच्या मेसेजनंतर किती दिवसांनी त्यांनी तक्रार केली?

तळणीचा_झारा

हो, जुन्याच. पार्सल पोचल्याचं कळवलं होतं, त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी "चकल्या मऊ पडल्यात, खवट वास येतोय" असं लिहिलं. पण मी तर लगेच "अरेरे!!! 😢😢 खूप वाईट वाटलं!!!" असं लिहिलं होतं.

खवचट_खापरपणजोबा

उद्गारचिन्हांमुळे मेसेज खोटा वाटतो हे काही खरं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली यावर अभ्यास झालाय. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर ते कमी मनापासूनचं वाटतं. उद्गारचिन्ह दिलं तर उलट जास्त खरं वाटतं, असंही त्याच गटाला पुढे दिसलं. तेव्हा ताई, चालू द्या तुमचं.

ठाशीव

खापरपणजोबा, अभ्यास खरा आहे, पण तो इथे पुरत नाही. तिथे विद्यार्थ्यांना ओळखीतल्या माणसांमधले संदेश दाखवले होते, आमंत्रण आणि त्यावर "हो"सारखं एका शब्दाचं उत्तर. एकुलत्या शब्दाला सूर द्यायला चिन्हाशिवाय दुसरं काही नसतं. इथे बारा शब्द आहेत, बारा उद्गारचिन्हं आहेत आणि दोन्ही माणसं अनोळखी आहेत.

या प्रश्नाला जवळचा अभ्यास ग्लिक्सन, चेशिन आणि व्हान क्लेफ यांचा, २०१७चा. कामाच्या पहिल्याच ईमेलमध्ये हसरा चेहरा टाकला तर लिहिणारा जास्त आपुलकीचा वाटला नाही, उलट कामात कमी वाकबगार वाटला, आणि वाचणाऱ्यांनी त्याला उत्तरात तपशीलही कमी दिले. खऱ्या हसऱ्या फोटोचं मात्र तसं झालं नाही. तोही फराळाचा अभ्यास नाही, ईमेलचा आहे. पण "पहिलाच मेसेज" ही अट दोन्हीकडे आहे, म्हणून तो सांगितला.

आता ताईंच्या तक्रारीबद्दल. माझा अंदाज असा, की त्या बाईंना तुमचं "अरेरे" दिसण्याआधी 🎉🎊😍 दिसलं. व्हॉट्सॲप बिझनेसमधला `Greeting message` फक्त नव्या माणसाला जातो असं आपण धरून चालतो. तसं नाही. १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर जुन्या ग्राहकालाही तो पुन्हा जातो. दिवाळीचा फराळ मागवणारा माणूस पार्सल पोचलं की गप्प होतो, आणि पुन्हा लिहितो ते बहुधा काहीतरी बिघडल्यावरच. म्हणजे हा आनंदाचा मेसेज तक्रारीवर पडणार अशीच ही मांडणी आहे. त्या बाईंचं चॅट उघडून वर बघा.

तळणीचा_झारा

बघितलं. अगदी तसंच. "खवट वास येतोय" आणि त्याच मिनिटाला खाली "आपल्या मेसेजने खूप आनंद झाला!!! ❤️🪔✨". शी.

रेवदंडेकर

माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. सुनेच्या मेसेजमध्ये मला निम्मे इमोजी चौकोनच दिसतात. फोन बिघडलाय का?

ठाशीव

नाही. नवे इमोजी तुमच्या फोनच्या जुन्या आवृत्तीत नसले की जागेवर रिकामा चौकोन येतो. फोनला अपडेट मिळत असेल तर करून बघा. (ताई, तुमची 🪔 कुणाकुणाकडे अशीच चौकोन होऊन पोचत असणार.)

कानसेन

मी स्क्रीन वाचून दाखवणारं ॲप वापरतो. ते प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतं. त्यामुळे वरचा मेसेज साधारण असा ऐकू येतो: नमस्कार, जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, स्वागत, पार्टी पॉपर... अनारसे मिळतील की नाही हे कळेपर्यंत जेवण आटोपतं. एखादा इमोजी, तोही वाक्याच्या शेवटी, खपून जातो. वाक्याच्या मध्ये आला की वाक्याचा धागाच तुटतो.

ठाशीव

मूळ "का"कडे येतो. मराठीत उद्गारचिन्हाची जागा तशी ठरलेली आहे: केवलप्रयोगी अव्ययानंतर, किंवा भावना खरंच उसळलेल्या वाक्यानंतर. अरेरे! शाबास! अबब! म्हणजे आधी काहीतरी घडतं आणि मग ते उद्गारतं. "लवकरच संपर्क करू!!!" यात काय घडलंय? ती साधी माहिती आहे. माहितीला तीन चिन्हं लावली की वाचणाऱ्याला दुकानावरची पाटी आठवते, आणि पाटी सगळ्यांसाठी सारखीच असते. खोटेपणाचा वास तिथून येतो. तुमचा आनंद खरा असेलही, पण ग्राहकाने काय विचारलं हे कळायच्या आधीच तो व्यक्त झालाय.

म्हणून पाठवण्याआधी एक तपासणी करा. हेच उत्तर दुसऱ्या ग्राहकाला एकही शब्द न बदलता पाठवता येईल का? येत असेल तर ते उत्तर झालंच नाही, ती पोच झाली. पोच आपोआप गेली तरी हरकत नाही, पण तिने पोचेसारखंच दिसावं. आनंदाचं सोंग घेऊ नये.

तुमच्याकडे खरंच येईल असा एक प्रश्न घेऊ: "१ किलो अनारसे १८ तारखेपर्यंत नाशिकला पोचतील का? साजूक तुपातले आहेत ना?" यावर तुमच्या थाटात «होऽऽ नक्कीच!!! 😍😍 एकदम शुद्ध आणि चविष्ट!!! 👌👌👌» असं जाईल. यात "नक्कीच" कशाला आहे, पोचण्याला की तुपाला? म्हणजे ग्राहकाने पुन्हा विचारायचं. त्याऐवजी:

«नमस्कार. हो, अनारसे साजूक तुपात तळलेले आहेत. १८ला नाशिकला पोचायचे तर १३ तारखेपर्यंत ऑर्डर पक्की करावी लागेल. १४ला तळून, पूर्ण गार करून १५ला कुरियरला देते. १ किलोत साधारण ४० नग बसतात. पत्ता आणि पिनकोड पाठवाल का?»

तारखा आणि नग तुमच्या हिशेबाने बदला. क्रम मात्र ठेवा: त्यांनी ज्या शब्दांत विचारलं त्याच शब्दांत आधी उत्तर, मग अट आणि तिचं कारण, आणि शेवटी त्यांनी काय करायचं अशी एकच गोष्ट. आपल्यासाठी कोणीतरी हिशेब केलाय हे "१४ला तळून" वाचल्यावर कळतं. 😍ने ते कळत नाही.

गोदाकाठ

पण हे वाचून मला थोडं कोरडंच वाटलं. झाराताईंची भीती अगदीच खोटी नाही.

ठाशीव

तुम्हाला नेमकं कुठे खटकलं हे सांगता आलं तर बरं. माझ्या मते मराठीत ऊब क्रियापदातून येते. "पत्ता पाठवा" हा हुकूम झाला, "पत्ता पाठवाल का" ही विनंती. "कळवण्यात येईल" हे कार्यालय बोलतं, "कळवते" हे माणूस. "तुपातले आहेत ना?" या प्रश्नाला नुसतं "आहेत" म्हटलं तर तुटक वाटतं, "हो, आहेत" म्हटलं की समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं वाटतं. एवढी सोय भाषेतच असताना चिन्हांवर भार का टाकायचा? जुन्या पत्रांत "सप्रेम नमस्कार, वि. वि." झालं की थेट मजकूर सुरू व्हायचा, आणि ती पत्रं काही कोरडी नव्हती.

खवचट_खापरपणजोबा

बरं, माझा विद्यापीठी दारूगोळा परत घेतो. पण तक्रारीला तरी "अरेरे!" चालेल ना? केवलप्रयोगी आहे, तुमच्याच नियमात बसतं.

ठाशीव

बसतं, आणि एकटं असेल तर चालेलही. पण तक्रारीत समोरच्याला तुमचं दुःख नको असतं, आपण लिहिलेलं वाचलं गेलं का एवढंच बघायचं असतं. 😢😢 टाकलं की सांत्वन कोणी कोणाचं करायचं हाच घोळ होतो. त्या बाईंना असं जायला हवं होतं:

«चकल्या मऊ पडल्या आणि खवट वास येतोय, हे वाचलं. उरलेल्या खाऊ नका. पाकिटावरची तारीख दिसेल असा एक फोटो पाठवाल का? त्याच घाण्यातल्या माझ्याकडच्या चकल्या तपासते आणि आज संध्याकाळी ७ पर्यंत सांगते. बदलून हव्यात की पैसे परत, ते तुम्ही ठरवा.»

७ म्हटलं की ७ पाळायचं. काही ठरलं नसलं तरी "अजून तपासते आहे" एवढं तरी ७ला जायला हवं. नाही तर हा शांत मेसेज त्या 🎉पेक्षा खोटा ठरेल.

तळणीचा_झारा

आपोआप जाणाऱ्या मेसेजचं काय करू? बंद करू का?

ठाशीव

बंद केलात तरी चालेल. ठेवायचाच तर दोन बदल करा. `Greeting message` मध्ये `Recipients` असा पर्याय आहे, तिथे `Everyone not in address book` निवडा, आणि ऑर्डर झाली की ग्राहकाचा नंबर लगेच सेव्ह करा. मग जुन्यांना तो जाणार नाही. मजकूर असा ठेवा: «नमस्कार. हा मेसेज आपोआप आला आहे. मी दुपारी २ ते ४ आणि रात्री ८ नंतर स्वतः उत्तर देते.» आपोआप आला आहे हे आधीच सांगितलं की "माणूस आहे ना" हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हाताने द्यायच्या उत्तरांसाठी `Quick replies` वापरता येतील. `/anarse` टाइप केलं की साचा येतो. तारखेची मोकळी जागा पहिल्याच ओळीत ठेवा. शेवटी ठेवलीत तर घाईत न भरताच जाईल, आणि "____ तारखेला पाठवते" वाचून ग्राहकाला कळेल की आपण रांगेतले एक आहोत.

गोदाकाठ

माझ्याकडे केक घेणारी कॉलेजची मुलं आहेत. ती पाच पाच ❤️ पाठवतात. त्यांना असं सरळ लिहिलं तर "काकू रागावल्या का?" म्हणून विचारतात. तिथे मी एक तरी इमोजी टाकतेच.

कानसेन

त्यांनी आधी पाठवले असतील तर एक परत पाठवणं वेगळं. प्रश्न आपण सुरुवात करण्याचा आहे.

ठाशीव

मला इतकं सरळ वाटत नाही. तक्रारवाल्याने 😡 पाठवलं तर आपण काय परत करायचं? चौकशीला कानसेनांचं म्हणणं लागू पडेल, तक्रारीला नाही. मुलांच्या बाबतीत गोदाकाठ यांनाच जास्त कळत असेल.

तळणीचा_झारा

`Recipients` बदललं, मजकूरही बदलला. त्या बाईंना चकल्यांचं नवं उत्तर लिहिलंय, फोटोची वाट बघते आहे. "नमस्कार" नंतर एक 🙏 ठेवलाय, तो काही काढवत नाही.

खवचट_खापरपणजोबा

एक असू द्या. तीन जोडले की बाई देव्हाऱ्यासमोर उभ्या असल्यासारख्या वाटतात.