१०,००० ची पॉवर बँक आणि दीड वेळा भरलेला फोन

मेधा (ए-२०३): पॉवर बँकेतलं कुणाला कळतं का? नवीन आणलीय, वर १०,००० एमएएच छापलंय. फोनची बॅटरी ५,००० ची. म्हणजे फोन दोनदा पूर्ण भरायला हवा ना? पहिल्यांदा शून्यापासून १०० झाला, दुसऱ्यांदा ४८ टक्क्यांवर बँकेने मान टाकली. पुन्हा करून पाहिलं, तेच.

जोशीकाका (सी-१०१): परत करा. सगळे आकडे फुगवलेले असतात.

निखिल (बी-४०२): थांबा काका. मेधाताई, बँकेच्या मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' लिहिलंय का बघा.

मेधा: हो, ६,५०० एमएएच, ५ व्होल्टला. आणि ३७ वॉट-तास. पुढे दहा हजार आणि मागे साडेसहा हजार?

निखिल: दोन्ही खरे आहेत. एमएएच म्हणजे पोत्यांची संख्या समजा आणि व्होल्ट म्हणजे एकेका पोत्याचा आकार. बँकेच्या आतले लिथियम सेल सरासरी ३.७ व्होल्टचे असतात. म्हणजे आत लहान आकाराची १०,००० पोती आहेत. एकूण धान्य किती ते गुणाकाराने कळतं: १० अँपिअर-तास गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॉट-तास. पण यूएसबीतून बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात, पोती मोठी झाली. तेच धान्य मोठ्या पोत्यांत भरलं की ३७ भागिले ५, म्हणजे ७,४०० च पोती होतात. इथपर्यंत काहीच वाया गेलेलं नाही.

जोशीकाका: मग ६,५०० कुठून आले? ९०० पोती कुणी नेली?

निखिल: ती सांडली 😄 ३.७ चे ५ व्होल्ट करायला आत बूस्ट सर्किट असतं. ते कॉइलमधला करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज वर चढवतं. प्रत्येक चालू-बंदीला आणि तारेच्या रोधात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून बँक चार्ज देताना कोमट लागते. इथे १२ टक्के गेले असं धरा. ३७ चे उरले साधारण ३२.५ वॉट-तास, भागिले ५, झाले ६,५००.

मेधा: बरं. पण ६,५०० तरी ५,००० च्या फोनला सव्वा वेळाच पुरायला हवेत. मला तर जवळजवळ दीड वेळा मिळाले!

निखिल: छान पकडलंत, इथे उलटं होतं. फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची, पुन्हा लहान पोती. ती पूर्ण भरायला १९.२५ वॉट-तास लागतात. फोन आत येणारे ५ व्होल्ट खाली उतरवून घेतो, त्यातही नुकसान होतं आणि केबलमध्येही होतं. मिळून आणखी १२ टक्के धरले तर ३२.५ पैकी बॅटरीत पोचतात २८.६. त्याला १९.२५ ने भागा.

मेधा: १.४९. अगं बाई, म्हणजे माझे १०० आणि ४८!

निखिल: बँक चोख आहे तुमची. फक्त चार्ज होताना फोन वापरू नका, तो खर्चही याच हिशेबातून जातो. आणि बारीक, लांब केबल टाळा. २ अँपिअर जाताना पाव ओहमच्या केबलमध्ये अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे दहा टक्के तिथेच गेले.

संदीप (ए-५०१): माझ्याकडे यूएसबी मीटर आहे. माझीही बँक १०,००० चीच, पण फास्ट चार्जिंगला मीटरवर ३,५८० च आले. ही तर निम्मीही नाही!

निखिल: फास्ट चार्जिंगला व्होल्टेज किती दाखवत होतं?

संदीप: ९.

निखिल: पोती आणखी मोठी झाली ना. त्याच मीटरवर `mWh` चा आकडा बघा, तोच कामाचा.

संदीप: ३२,२००.

निखिल: म्हणजे ३२.२ वॉट-तास, मेधाताईंच्या बँकेएवढेच. दोन बँकांची तुलना करायची तर वॉट-तासांत करा, एमएएचमध्ये करायला बसलं की व्होल्टेज दरवेळी दगा देतं. वायरलेस पॅडवर ठेवून मोजू नका, दोन कॉइलच्या मधे आणखी बरंच सांडतं.

जोशीकाका: माझ्या बँकेवर २०,००० लिहिलंय. मागे रेटेड वगैरे काहीच नाही. मेधापेक्षा दुप्पट म्हणजे ७४ वॉट-तास ना?

निखिल: असायला हवेत. वजन करून बघता का काका? एवढी ऊर्जा साठवायला नुसत्या सेलचंच वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास जातं.

जोशीकाका: स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. डबीसकट १८५.

निखिल: मग काका, मघाशी तुम्ही मेधाताईंना काय सांगत होतात?

जोशीकाका: 😐 बिल शोधतो.