दोन्ही बाजूंचा वर्ग केला म्हणून शून्य मार्क?

औंढ्याचा_पालक:
लेकीचा दहावीचा सराव पेपर घरी आला. प्रश्न 3 मार्कांचा: √((1 − sin θ)/(1 + sin θ)) = sec θ − tan θ हे सिद्ध करा. तिनं दोन्ही बाजूंचा वर्ग केला, तिरकस गुणाकार केला, शेवटी cos²θ = 1 − sin²θ आलं. हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून खाली 'सिद्ध झाले' लिहिलं. त्यावर 0 मार्क, आणि शेरा 'एकाच बाजूने सोडव'. पायऱ्या बरोबर, शेवट बरोबर, मग शून्य कामून? असल्या हट्टापायीच लेकरं गणिताला भितात.

गोदाकाठ:
शून्य जरा जास्तच झालं, ते मान्य. पण 'पायऱ्या बरोबर' हे वाचून राहवलं नाही.

तिची पहिली ओळ बघा. जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरून लिहिलंय. तिथून निघून खऱ्या गोष्टीपाशी पोचली, म्हणून निघाली ती जागाही खरी, असं तिचं म्हणणं. असं होत नसतं. sin θ = −sin θ लिहा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, sin²θ = sin²θ येतं. झालं का सिद्ध?

वर्ग केला की चिन्ह जातं. आडत्याकडून 500 रुपये येणं असो की त्याला 500 देणं असो, वर्ग केल्यावर दोन्ही 2,50,000. तेवढ्या आकड्यावरून कोण कुणाचं देणेकरी ते सांगून दाखवा.

आता लेकीच्याच उदाहरणात θ = 150° घाला. sin 150° = 1/2. डावी बाजू √((1/2)/(3/2)), म्हणजे 1/√3, साधारण 0.577. उजवीकडं sec 150° = −2/√3 आणि tan 150° = −1/√3, वजाबाकी −1/√3. एक बाजू धन, दुसरी ऋण. बाजू समान नाहीत, पण तिची 'सिद्धता' 150° ला एका अक्षराचा फरक न होता तशीच चालते. जी सिद्धता खोट्या गोष्टीलाही पास करते तिला मार्क कशाचे द्यायचे?

मोंढा_नाका:
गोदाकाठ सर, दहावीच्या पोरीपुढं 150° कुठून आणला? तिला अजून लघुकोनच शिकवलेत.

लघुकोनात sin θ हा 1 पेक्षा लहान आणि cos θ धन. sec θ − tan θ म्हणजे (1 − sin θ)/cos θ, तोही धन. डावी बाजू तर वर्गमूळच. दोन धन संख्यांचे वर्ग सारखे असले तर त्या संख्याही सारख्याच. मग वर्ग केला तर बिघडलं काय? तिरकस गुणाकारातले छेद शून्य नाहीत. 1 − sin θ नं दोन्हीकडं भागलं, तोही शून्य नाही. प्रत्येक पायरी उलटी जाते. तुमचा आडत्या इथं लागूच होत नाही, इथं सगळे येणेकरीच आहेत.

गोदाकाठ:
बरोबर बोललात. मान्य करायला जिवावर येतंय, पण बरोबर आहे.

फक्त तुम्ही जे आत्ता लिहिलं ते पोरीच्या पेपरात कुठंय? 'θ लघुकोन आहे, म्हणून दोन्ही बाजू धन' ही एक ओळ, आणि 'म्हणून या पायऱ्या खालून वरही जातात' ही दुसरी. या दोन ओळी असत्या तर मी स्वतः 3 पैकी 3 दिले असते. त्या नाहीत. तिनं वर्ग केला तो धोका ओळखून नव्हे, वर्गमूळ डोळ्यात खुपलं म्हणून. अकरावीत कोन मोठे होतील, हात मात्र तोच चालेल.

एका बाजूनं हे तीन ओळींत होतं. डावीकडं वर्गमूळाच्या आत अंश-छेदाला (1 − sin θ) नं गुणा:

```
डा.बा. = √( (1 − sin θ)² / (1 − sin²θ) )
       = (1 − sin θ) / cos θ
       = sec θ − tan θ = उ.बा.
```

छेदात 1 + sin θ दिसला की त्याची अनुबद्ध जोडी सुचलीच पाहिजे.

मोंढा_नाका:
थांबा थांबा. दुसऱ्या ओळीत √(cos²θ) चं cos θ कसं केलं? 150° ला cos ऋण आहे, मग वर्गमूळ −cos θ यायला पाहिजे. तुमची एका बाजूची पवित्र सिद्धता पण 150° ला खोट्याला पास करतीय की. आम्ही केलं तर धोका, तुम्ही केलं तर रीत?

गोदाकाठ:
पकडलंत. 'cos θ > 0' असं त्या ओळीशेजारी मी लिहायलाच हवं होतं. माझाही अर्धा मार्क कापा.

पण आपल्या दोन कागदांतला फरक बघा. माझी चूक तुम्ही एका मिनिटात बोट ठेवून दाखवली, कारण ती जागा कागदावर आहे: √(cos²θ). तिथं चिन्ह तपासलं की संपलं. पोरीच्या कागदात वर्ग केल्यावर सगळीकडं cos²θ आहे, चिन्ह पहिल्याच पायरीला पुसलं गेलंय. 150° ला गडबड कुठं झाली हे शोधायला गेलात तर पुढची प्रत्येक ओळ खरीच सापडते. एका बाजूनं काम केलं की चूक होतच नाही असं मी म्हणत नाही. झाली तर दिसते, एवढंच.

अकरावी_सायन्स:
सर माझं पण असंच झालंय. sin θ + cos θ = 1 मध्ये वर्ग केला तर 2 sin θ cos θ = 0 आलं आणि 0°, 90°, 180°, 270° अशी चार उत्तरं. उत्तरसूचीत दोनच आहेत. म्हणजे हे पण एका बाजूनंच सिद्ध करायचं का?

गोदाकाठ:
बेटा, ते सिद्ध करायचंच नाही, ते सोडवायचं आहे. पण दुखणं तेच. 180° ला बेरीज −1 येते, 270° लाही −1. वर्ग केल्यावर 1 आणि −1 एकच झाले, म्हणून हे दोन पाहुणे न बोलावता आत आले. समीकरणात चारही उत्तरं मूळ ओळीत घालून बघता येतात, दोन हाकलता येतात. नित्य समानतेत कोन अगणित, घालून किती बघणार? म्हणून तिथं वर्ग करताना जास्त जपायचं.

तेरणाथडी:
सगळे वर्गावरच अडकलेत. खरा अन्याय वेगळाच आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सोडवून एकाच पदावलीवर आणल्या तरी मार्क कापतात! हे बघा, (1 + sec A)/sec A = sin²A/(1 − cos A).

डावी बाजू: sec A नं भागलं, cos A + 1.
उजवी बाजू: sin²A म्हणजे (1 − cos A)(1 + cos A), छेद उडाला, 1 + cos A.

दोन्ही 1 + cos A. यात काय खोटंय? यालाही 'एकाच बाजूने सोडव' हाच शेरा. शेरा मारणाऱ्याला कारण विचारलं तर म्हणे 'पद्धत आहे'.

लाल_पेन:
पद्धत आहेच. दोन्ही बाजूंना हात लावला की कापायचं. गठ्ठ्यात दोनशे पेपर असतात, प्रत्येकाच्या मनात काय होतं ते हुडकत बसू का? आणि पोरं वेगळं सोडवतच नाहीत. सुरुवात वेगळी करतात, तिसऱ्या ओळीला मध्ये '=' टाकतात, पाचव्या ओळीला इकडचा छेद तिकडं नेतात. या सगळ्याला तुम्ही 'दोन्ही बाजू वेगवेगळ्या' म्हणता.

तेरणाथडी:
म्हणजे चोर सापडत नाही म्हणून अख्खं गाव आत टाकायचं? ज्यानं वेगळं लिहिलंय त्याचं पण कापायचं? मग लाल पेन कशाला, शिक्काच करून घ्या.

लाल_पेन:
भाषा सांभाळा. तुम्ही एकदा तपासून बघा.

गोदाकाठ:
भांडू नका. लाल पेन, तेरणाथडींचं उदाहरण शंभर टक्के बरोबर आहे, त्यात मार्क कापणं चूकच. डावी = 1 + cos A, उजवी = 1 + cos A, म्हणून समान. इथं सिद्ध करायची गोष्ट शेवटची ओळ येईपर्यंत कुणी वापरलेलीच नाही. दोन्ही बाजूंना हात लावणं हा गुन्हा नव्हे, त्या आधीच समान आहेत असं धरून हात लावणं हा धोका आहे.

तपासायला सोपं करायचं तर कागदाच्या मध्ये उभी रेघ मारायला लावा. डावीकडं डा.बा., उजवीकडं उ.बा. शेवटच्या ओळीपर्यंत रेघ ओलांडून '=' नाही, इकडचं पद तिकडं नाही. रेघ ओलांडली की कापा, नाही ओलांडली तर द्या.

लाल_पेन:
रेघेचं ठीक आहे. पण पोरगं ती रेघ मारणार आणि तिच्यावरच तिरकस गुणाकार करणार, लिहून घ्या. आणि मला हेही सांगा, एका बाजूनं जमत असताना दोन कशाला?

मोंढा_नाका:
कारण एका बाजूनं सुचत नाही! 1 + cos A वर आल्यावर 'आता (1 − cos A) नं गुणा आणि भागा' हे पोराला कोण सांगणार? आकाशवाणी?

गोदाकाठ:
आकाशवाणी नाही, कच्चं काम. उजवी बाजू कच्च्या कागदावर सोडवा. तिथं (1 − cos A) उडाला ना? मग पक्क्या कागदावर डावीकडून 1 + cos A पर्यंत या आणि कच्च्या ओळी खालून वर लिहा: 1 + cos A = (1 + cos A)(1 − cos A)/(1 − cos A) = sin²A/(1 − cos A). जो उडवला होता तोच परत आणला. तोही शून्य नाही हे बघूनच, कारण मूळ प्रश्नात तो छेदातच बसलाय.

वर्गाचंही याच रीतीनं करून बघता येतं. पोरीच्या ओळी खालून वर लिहायला घ्या. cos²θ = 1 − sin²θ पासून वर येत येत दोन्ही बाजूंच्या वर्गांपर्यंत सरळ पोचाल. शेवटच्या पायरीला दोन्हीकडं वर्गमूळ घ्यायचंय, पेन तिथंच अडकतं: धन की ऋण? जिथं पेन अडकलं तिथंच ती 'लघुकोन' वाली ओळ लिहायची होती.

लाल_पेन:
असं उलटं लिहिलेलं आलं तर देईन मार्क. आजवर एक पण आलेलं नाही.

औंढ्याचा_पालक:
लेकीनं कॅल्क्युलेटरवर 150° घालून बघितलं. एकीकडं 0.577, दुसरीकडं −0.577. गप बसली थोडा वेळ, मग मलाच विचारलं, 'पप्पा, प्रश्नात θ लघुकोन आहे असं लिहिलंच नव्हतं, मग प्रश्नच चुकीचा ना?' पेपर परत बघितला. खरंच लिहिलेलं नाही.

मोंढा_नाका:
मग पेपर काढणाऱ्याला पण 0 द्या, आणि खाली शेरा मारा.

गोदाकाठ:
दहावीत ते गृहीत असतं.

तेरणाथडी:
हां, पेपर काढणाऱ्याचं गृहीत चालतं. लेकराचं चालत नाही.