‘सॉफ्ट पॉवर’ला मराठीत काय म्हणाल? मृदू सत्ता, सौम्य शक्ती की आणखी काही?

अनुजा
दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. पुढच्या आठवड्यात ‘सॉफ्ट पॉवर’ आणि ‘हार्ड पॉवर’ घ्यायचं आहे. माझ्या जुन्या टिपणांत ‘मृदू सत्ता’ आणि ‘कठोर सत्ता’ असे शब्द आहेत. गेल्या वर्षी एका उत्तरपत्रिकेत वाचलं, “मृदू सत्ता म्हणजे जनतेशी प्रेमाने वागणारे सरकार.” चूक मुलाची की शब्दाची, हेच मला कळेना. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, “सैन्य म्हणजे हार्ड, बाकी सगळे सॉफ्ट.” त्याला मी अर्धे गुण दिले. आता वाटतं, तेही जास्तच झाले. शब्द सुचवा, आणि जमलं तर वर्गात सांगता येईल असं एखादं उदाहरणही.

टाकबोरू
चूक शब्दाची. मराठीत सत्ता गाजवायची असते, ती कुणाच्या तरी डोक्यावर बसलेली असते. ‘महासत्ता’ रुळला म्हणून पॉवर दिसली की सत्ता लिहायची, ही भाषांतरकारांची खोड. मीही पस्तीस वर्षं तेच केलं. इथे शक्ती किंवा सामर्थ्य हवं. पण मुळात नवा शब्द कशाला? साम, दाम, दंड, भेद आपल्याकडे आहेतच. साम म्हणजे सॉफ्ट, दंड म्हणजे हार्ड. विषय संपला.

रानवारा
मी मोटारी दुरुस्त करतो, म्हणजे विजेच्या. आमच्याकडे सॉफ्ट स्टार्टर असतो. मोटार एकदम झटका देत नाही, हळूहळू वेग घेते. मग सॉफ्ट पॉवर म्हणजे धमकी एकदम न देता टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं, असं का?

निरंजन
रानवारा, नाही. टप्प्याटप्प्याने वाढवलेली धमकी ही धमकीच. आज राजदूत परत बोलवला, उद्या निर्बंध लावले, परवा आरमार पाठवलं, तरी ती सगळी एकाच जातीची पावलं. ‘सॉफ्ट’ शब्दामुळे हे किती जोरात केलं असं वाटतं, पण प्रश्न जोराचा नाहीच. समोरच्याने तुमच्या मनासारखं का केलं, हा प्रश्न आहे.

टाकबोरूकाका, विषय संपला नाही. हा शब्दप्रयोग अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९०मध्ये रूढ केला. त्यांच्या मांडणीत समोरच्याकडून हवं ते करून घेण्याचे तीन मार्ग आहेत: धाक, मोबदला आणि ओढ. पहिले दोन्ही हार्ड. म्हणजे तुमचा दाम दंडाच्या शेजारी बसतो, सामाच्या नाही. अनुजाताई, तुमच्या विद्यार्थ्याची गफलत हीच होती. निर्बंध, मदतीची पाकिटं, कर्जमाफीचं आमिष यांत एकही बंदूक नसते, पण समोरचा करतो ते बदल्यात काही मिळतं म्हणून, किंवा काही जाऊ नये म्हणून. मोबदला थांबला की वागणंही थांबतं. ही खूण वर्गात उपयोगी पडेल.

कौटिल्य आणायचाच असेल तर चार उपायांपेक्षा त्याच्या तीन शक्ती बघा: मंत्रशक्ती, प्रभुशक्ती, उत्साहशक्ती. प्रभुशक्ती म्हणजे कोश आणि दंड यांचं बळ. खजिना आणि सैन्य त्याने एकाच खणात ठेवले आहेत.

टाकबोरू
प्रभुशक्तीचा मुद्दा मान्य. हार्ड पॉवरला हा शब्द फारच चपखल आहे, आजची मुलं देवळातला प्रभू समजतील एवढीच भीती. पण सामाचं काय? गोड बोलून वळवणं सॉफ्ट नाही?

निरंजन
साम ही कृती आहे. दूत जातो, बोलतो, समजावतो. ओढ ही त्याच्या आधीपासून असावी लागते. ती असली तर सामाचं काम पाच मिनिटांत होतं, नसली तर दूत कितीही गोड बोलो.

उदाहरण सांगतो. १ मार्च २००३, अंकारा. अमेरिकेला इराकवर उत्तरेकडूनही चाल करायची होती आणि त्यासाठी तुर्कस्तानातून वाट हवी होती. सुमारे ६२ हजार परदेशी सैनिकांना परवानगी देण्याचा ठराव सरकारने संसदेत आणला. बदल्यात सुमारे ६ अब्ज डॉलरचं अनुदान आणि त्याच्या आधारे त्याहून कितीतरी मोठी कर्जं देऊ केली होती. दोन्ही देश नाटोत, अर्धशतकाची मैत्री. सत्ताधारी पक्षाकडे ५५० पैकी ३६०हून अधिक जागा. अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनचं सामान भूमध्य समुद्रात जहाजांवर लादून तयार होतं.

मतदान झालं: बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. क्षणभर सगळ्यांना वाटलं, ठराव मंजूर. पण तिथल्या राज्यघटनेनुसार हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. हजर ५३३, म्हणजे हवी होती २६७. तीन मतांनी ठराव पडला. सत्ताधारी पक्षातलेच कित्येक जण विरोधात गेले होते. जहाजं सुएझ कालव्यातून वळसा घालून कुवेतला न्यावी लागली.

आता मागे जा. २०००च्या सुमारास तुर्कस्तानातले ५२ टक्के लोक अमेरिकेबद्दल चांगलं मत असल्याचं सांगत होते. प्यू या संस्थेच्या पाहण्यांत हा आकडा २००२मध्ये ३० आणि २००३मध्ये १५ झाला. त्या तीन वर्षांत अमेरिकन सिनेमे काही वाईट झाले नव्हते. बदललं होतं धोरण, आणि ते न्याय्य आहे की नाही याबद्दलचं लोकांचं मत. नाय सॉफ्ट पॉवरचे तीन झरे सांगतात: संस्कृती, राजकीय मूल्यं आणि परराष्ट्र धोरण. तिसऱ्याकडे विद्यार्थ्यांचं हटकून दुर्लक्ष होतं, कारण सिनेमा आणि खाद्यपदार्थांवर निबंध लिहिणं सोपं असतं.

कोरापाटी
उदाहरण छान आहे, पण मला पटलं नाही. त्या खासदारांना अमेरिकेची ओढ होती की नव्हती, यावर मत पडलं कशावरून? १९९१च्या आखाती युद्धानंतर तुर्कस्तानचा इराकशी असलेला व्यापार बुडाला होता आणि भरपाई पुरेशी मिळाली नाही, ही तक्रार तिथे जुनीच होती. शिवाय उत्तर इराकात कुर्दांचं वेगळं राज्य उभं राहील ही धास्ती. हा सरळ नफातोट्याचा हिशेब झाला. मोबदला कमी पडला असंही म्हणता येईल. आणि एक गोष्ट तुम्ही गाळलीत. बगदाद ९ एप्रिलला पडलंच. सॉफ्ट पॉवर नव्हती म्हणून अडलं काय?

निरंजन
बगदादचं म्हणणं बरोबर. २० मार्चला तुर्की संसदेने विमानांना हवाई वाटही दिली, तेही मी गाळलं. उत्तरेत जड डिव्हिजनऐवजी विशेष दलं आणि २६ मार्चच्या रात्री पॅराशूटने उतरलेली एक ब्रिगेड यांच्यावर भागवावं लागलं. म्हणून सॉफ्ट पॉवर नसली तर काही होतच नाही, असं मी म्हणणार नाही. तेच काम महाग पडतं, लांबून वळसा घालून करावं लागतं.

हिशेबाबद्दल मात्र अर्धंच मान्य. तोट्याची भीती खरी होती. पण ती भीती सरकारलाही होती, आणि तरी ठराव सरकारनेच आणला. मतदानाच्या दिवशी अंकाऱ्यात हजारो लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर होते. ‘हो’ म्हणणाऱ्या खासदाराला मतदारसंघात परत जायचं असतं. सॉफ्ट पॉवर बहुतेक वेळा अशीच, आडून काम करते: नेत्याला वश करत नाही, नेत्याला ‘हो’ म्हणणं सोपं किंवा अवघड करते. त्या तीन मतांमागे नेमकं काय होतं ते वेगळं काढून दाखवता येत नाही, हा या कल्पनेवरचा जुना आक्षेप आहे. त्याला माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही.

मीरा
माझा अनुभव सांगू का? मी एका युरोपीय देशाच्या शिष्यवृत्तीवर दोन वर्षं तिथे शिकले. भाषा आली, माणसं आवडली, आजही तिथली बातमी दिसली की आधी ती वाचते. म्हणजे माझ्यावर सॉफ्ट पॉवर चालली म्हणायची. पण शिष्यवृत्ती म्हणजे पैसेच ना? मग निरंजन म्हणतात तसं तो मोबदला नाही का? आणि व्हिसाच्या रांगेत ज्या तऱ्हेने वागवलं गेलं, ते आठवलं की अजून डोकं तापतं. हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

निरंजन
मीराताई, शिष्यवृत्तीच्या बदल्यात तुम्ही काही करायचं ठरलं होतं का? नसेल तर तो मोबदला नव्हे. पैसा दोन्हीकडे लागतो. मत विकत घेण्यासाठी दिला तर हार्ड, ओढ निर्माण व्हावी म्हणून खर्चला तर सॉफ्ट. सैन्याचंही तसंच. २००४च्या त्सुनामीनंतर अमेरिकेची विमानवाहू नौका इंडोनेशियात आचेच्या किनाऱ्याजवळ उभी राहिली आणि तिची हेलिकॉप्टरं अन्नपाणी वाटत होती. तिथलं अमेरिकेबद्दलचं अनुकूल मत २००३मध्ये १५ टक्के होतं, ते २००५मध्ये ३८ झालं. नौका तीच, जी एरवी धाक घालते. साधनावर ‘हार्ड’ किंवा ‘सॉफ्ट’ अशी चिठ्ठी लावता येत नाही, ती वापरावर लावावी लागते. आणि व्हिसाची रांग ही उलटी सॉफ्ट पॉवर. शिष्यवृत्तीने दोन वर्षांत कमावलं त्यातलं थोडं एका खिडकीवर गेलं.

टाकबोरू
मीराताईंचं वाचून मला शब्द सापडला. पत. पत स्वतःची स्वतःला देता येत नाही, बाजार देतो. वर्षानुवर्षं साठते, एका व्यवहारात जाते. समोरचा काम करतो ते धाकाने नाही, रोख मोजली म्हणूनही नाही. आणि हार्ड पॉवरला वचक. ‘दरारा’ नको, दराऱ्यात थोडा आदर मिसळलेला असतो.

कोरापाटी
पत म्हणजे कर्ज फेडेल असा विश्वास. ओढ कुठे आली त्यात? मला ज्याच्यावर विश्वास आहे तो मला आवडतोच असं नाही. त्यापेक्षा ‘भीड’ बघा. भिडेखातर माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि कुणी धमकावलेलंही नसतं.

निरंजन
भिडेत मनातून नकार असतो. सॉफ्ट पॉवरमध्ये मुळात इच्छाच बदलते, तुम्हाला हवं तेच समोरच्यालाही हवंसं वाटतं. म्हणून भीड नको. आणि वचकात दाम कुठे बसवणार, काका? ६ अब्ज डॉलरला वचक म्हणता येणार नाही.

टाकबोरू
नाही बसत खरा. मग हार्डला प्रभुशक्ती आणि सॉफ्टला पत? एक संस्कृत, एक दुकानातला. जोडी विजोड दिसते.

रानवारा
मी आपला ‘ओढ’ म्हणेन. चुंबकालाही तोच शब्द लागतो.

अनुजा
ओढ आवडला, पण ‘चीनची ओढ’ असं लिहिलं तर चीनला कुणाची ओढ की कुणाला चीनची, हे कळणार नाही. फळ्यावर सध्या ‘आकर्षणशक्ती’ लिहीन आणि शेजारी २६४, २५०, १९ हे तीन आकडे. मुलांना आधी विचारणार आहे, ठराव मंजूर झाला की नाही. निरंजन, तटस्थ राहणाऱ्यांनी ठराव पाडला असं कुणी म्हणालं तर?

निरंजन
म्हणू द्या. त्या एकोणिसांतले तिघे बाजूने गेले असते तर २६७ भरले असते. मग विचारा की हे एकोणीस कुठल्या रकान्यातले: धाक चालला नाही असे, मोबदला पुरला नाही असे, की ओढ उरली नव्हती असे. मी विचारतो तेव्हा वर्गात दरवेळी तिन्ही उत्तरं येतात.