मदत हवी आहे: दहा हजारांच्या आनंदात गोडा मसाला पाठवायचाय, पण खवट न होता पोहोचेल कसा?

ताई-दादांनो, आपल्या स्वयंपाकाच्या पेजने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. मनापासून आभार! भरली वांगी आणि आमटी दाखवणाऱ्या माझ्यासारखीला एवढी माणसं मिळाली, हेच खूप आहे.

म्हणून पाच जणांना घरचा गोडा मसाला पाठवायचा विचार आहे, प्रत्येकी शंभर ग्रॅम. पैसे नाहीत, कुरिअरही माझंच. आवडत्या आमटीबद्दल दोन ओळी लिहायच्या, त्यातून चिठ्ठ्या काढीन. पोस्ट शेअर करा किंवा मैत्रिणींना टॅग करा ही अट मुद्दाम ठेवलेली नाही. फेसबुकच्या नियमांत ती बसत नाही, आणि मलाही ती आवडत नाही.

अडचण मसाल्याचीच आहे. धणे, दगडफूल, नागकेशर, लवंग यांची काळजी नाही, पण सुकं खोबरं आणि तीळ कुटले की तेल सुटतं. पातळ पिशवीला तेलकट डाग पडतात, वास बाहेर येतो आणि उन्हात खोबरं खवट होतं. काचेची बरणी फुटायची भीती. कोरडा मसाला वेगळा कुटून पाठवावा आणि भाजलेलं खोबरं-तीळ घरी मिसळायला सांगावं, असं मनात आहे. पण मग तयार मसाल्याची मजा जाते का?

कुणी मसाले कुरिअरने पाठवता का? आतून चंदेरी असलेली जाड पिशवी इस्त्रीने सील केली तर टिकते का? विदर्भातल्या उन्हात पाठवलेल्यांचा अनुभव विशेष हवाय.