फ्रेंच अहवालात 'द' की 'पार'? क्रियापदाचे नाम केल्यावर कर्ता कुठे ठेवायचा?

शाईदौत : एका पाणीपुरवठा प्रकल्पाचा अहवाल मी फ्रेंचमध्ये उतरवत आहे. मूळ वाक्य साधे आहे: पुरवठादाराने पंप दिले नाहीत, म्हणून काम थांबले. अहवालाच्या शैलीसाठी दोन्ही क्रियापदांची नामे करून मी 'ला नों-लिव्हरेझों दे पोंप द्यू फुर्निसर आ आंत्रेने लारे दे त्राव्हो' असे लिहिले. तपासनिसांनी 'द्यू फुर्निसर', म्हणजे 'द' लावून 'पुरवठादाराचे', हे खोडून 'पार ल फुर्निसर', म्हणजे 'पुरवठादाराकडून', असे केले. मात्र पुढच्याच परिच्छेदातील 'ल देपार द्यू तेक्निस्यें', म्हणजे तंत्रज्ञाचे निघून जाणे, त्यांनी तसेच ठेवले. दोन्हीकडे करणारा माणूसच असताना एकीकडे 'पार' आणि दुसरीकडे 'द' का?

कोरा कागद : 'लारे'मधला 'आरे', म्हणजे थांबणे, हा शब्द मात्र बरोबर निवडला आहे. तेथे 'आरेस्तास्यों' लिहिले असते, तर पोलिसांनी कामाला अटक केली असा अर्थ झाला असता. एकाच क्रियापदाची अशी दोन नामे असतात, हेच फ्रेंचचे खरे दुखणे आहे.

शाईदौत : आभार, पण माझा प्रश्न नामाच्या निवडीचा नव्हता.

दर्यावर्दी : नियम सोपा आहे. करणारा सजीव असेल तर 'पार', वस्तू असेल तर 'द'. मी पुद्दुचेरीत फ्रेंच शिकलो, तेव्हा आम्हांला असेच सांगितले होते.

उभा दंड : तसे असते, तर तंत्रज्ञाच्या जाण्यालाही 'पार' लागले असते. सजीव-निर्जीवाचा येथे संबंध नाही. मूळ क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक, हे पाहावे लागते. 'जाणे' या क्रियेत एकच सहभागी आहे, त्यामुळे 'द'ची जागा निर्विवाद त्याची. 'देणे' या क्रियेत पंपही आहेत आणि पुरवठादारही. तेथे 'द' कर्माला मिळतो आणि कर्त्याला 'पार' घ्यावा लागतो. आपले 'द्यू फुर्निसर' असलेले वाक्य फ्रेंच वाचक 'पुरवठादाराचे पंप पोहोचले नाहीत' असे वाचेल. त्यात पंप कोणाचे ते कळते, पण ते पोहोचवण्यात कसूर कोणी केली ते कळत नाही; दोष वाहतूकदाराचाही असू शकतो. उद्या दंडाची वसुली निघाली, तर हाच फरक महत्त्वाचा ठरेल.

कर्म गाळले की घोटाळा वाढतो. 'ला क्रितिक द्यू दिरेक्तर' म्हणजे संचालकांनी केलेली टीका की संचालकांवर झालेली, हे केवळ संदर्भावरून ठरते. माझी पडताळणी अशी असते की नाम पुन्हा क्रियापद करून पाहावे आणि 'कोणी' व 'काय' या दोन्ही प्रश्नांना एकेकच उत्तर मिळते का ते तपासावे. दोन उत्तरे मिळाली, तर वाक्य मोडून क्रियापद परत आणावे.

बोरू : हे वाचून मला पाणिनीच आठवला. 'कर्तृकर्मणोः कृति' या सूत्राने कृदन्ताच्या योगात कर्ता आणि कर्म दोघांनाही षष्ठी मिळते, आणि लगेच पुढचे 'उभयप्राप्तौ कर्मणि' हे सूत्र सांगते की दोघेही हजर असतील तर षष्ठी कर्माची. 'आश्चर्यो गवां दोहोऽगोपेन' या उदाहरणात गाई षष्ठीत आहेत आणि धार काढणारा तृतीयेत. फ्रेंचांचा 'पार' म्हणजे आपली तृतीयाच नव्हे का?

उभा दंड : साम्य विलक्षण आहे, पण ते ताणू नये. 'ल रफ्यू द्यू मेर दाकोर्दे ल पेर्मी', म्हणजे महापौरांचा परवाना देण्यास नकार, येथे कर्ता 'द' घेऊन बसला आहे, कारण ज्याला नकार दिला ती गोष्ट क्रियापदाच्या मूळ रूपात पुढे आली आहे. त्याच नकाराचे कर्म नाम म्हणून आले, तर 'ल रफ्यू द्यू पेर्मी पार ल मेर' असेही लिहितात. भावनावाचक नामांचीही तऱ्हा वेगळी: आईचे मुलावरचे प्रेम सांगताना आईला 'द' लागतो आणि मुलाला 'पूर', 'पार' कोठेच येत नाही.

दर्यावर्दी : म्हणजे शेवटी अपवादच अपवाद. मुळात एवढी नामे करायचीच कशाला? फ्रान्समध्ये सरकारी भाषा सोपी करण्यासाठी 2001 साली एक समिती नेमली होती. आपण मात्र त्यांचा टाकलेला अंगरखा हौसेने घालतो.

बोरू : मराठीत तरी काय वेगळे आहे? 'पुरवठादाराकडून पंपांचा पुरवठा न झाल्याने' हे आपण रोज लिहितो. तेथेही षष्ठी कर्मालाच आहे, आणि ते 'कडून' मला अजिबात खटकत नाही.

कोरा कागद : मला खटकते. 'पुरवठादाराने पंप दिले नाहीत' या चार शब्दांत काय कमी आहे?

शाईदौत : मराठीत ते चालेल, परंतु माझ्या अहवालात प्रत्येक विभागाचे शीर्षक नामानेच सुरू करण्याची अट आहे. शिवाय आणखी एक अडचण राहतेच: 'नों-लिव्हरेझों' लिहिल्यावर काळ हरवतो. पंप अजून आलेले नाहीत की उशिरा येऊन पोहोचले, हे त्या नामातून समजत नाही.

उभा दंड : उशीर झाला असेल, तर 'ल रतार द लिव्हरेझों' लिहावे. अजून आलेच नसतील, तर 'आ स झूर', म्हणजे आजतागायत, असे पुढे जोडता येईल.

बोरू : 'आजतागायत'मधला 'तागायत' आपल्याकडे फारसीतून आला असावा, नाही का?